जाड सागवानी दरवाजाला स्क्रीनवाला डोअर व्ह्यूअर: जाडी कुठे मोजायची, बॅटरी किती धरायची

प्रश्न: यावलला आमचं जुनं घर आहे. दरवाजा सागाचा, दोन फळ्यांचा, कडेला सव्वातीन इंच जाड, तोंड पश्चिमेला. आई एकटी असते. पीपहोलला डोळा लावून तिला आता नीट दिसत नाही, म्हणून स्क्रीनवाला व्ह्यूअर बसवायचा आहे. दुकानदार म्हणतो कोणत्याही दरवाजाला बसतो, आणि खोक्यावर लिहिलंय की बॅटरी सहा महिने चालते. खरंच का? कोणता घ्यावा?

उत्तर:

दादा, आधी निष्कर्ष सांगतो. आईसाठी वायफाय नसलेला, बटण दाबल्यावरच स्क्रीन लागणारा आणि बाजारात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा घ्या. स्क्रीन चार इंचांच्या आसपास असावी. तो बसेल की नाही हे कडेच्या सव्वातीन इंचांवरून ठरवू नका, कारण बहुतेक वेळा ती जाडी भोक पाडायच्या जागेची नसते.

आपल्याकडच्या जुन्या सागवानी दरवाजांची बांधणी आठवा. बाहेरून सपाट किंवा नक्षीच्या उभ्या फळ्या असतात, आतून त्यांना आडव्या पट्ट्या मारलेल्या असतात. कडेला टेप लावला की फळी अधिक पट्टी असं माप येतं. तुमचे सव्वातीन इंच म्हणजे साधारण 82 मिमी. त्यातली पट्टी 30 ते 32 मिमीची असेल तर दोन पट्ट्यांच्या मध्ये नुसती फळी 50 मिमीच निघेल. बाजारातले बरेच व्ह्यूअर 35 ते 75 मिमी जाडीसाठी असतात. म्हणजे पट्टीवर न बसणारं यंत्र तिच्याच वीतभर वर किंवा खाली आरामात बसतं.

मोजायचं कसं? सध्याचं पीपहोल आतून काढा. त्याच्या कडेला खाच असते, नाणं घालून फिरवलं की सुटतं. बाहेरचा भाग कुणीतरी धरून ठेवायचा, नाहीतर तोही सोबत फिरत राहतो. मग सायकलची जुनी तार घ्या, टोकाला काटकोनात छोटी वाकडी करा, भोकातून बाहेर घाला आणि वाकडं टोक बाहेरच्या पृष्ठभागावर अडकवा. आतून तार जिथे लाकडाच्या बरोबरीला येते तिथे नखाने धरा आणि बाहेर काढून स्टीलच्या पट्टीने मोजा. हे झालं जुन्या भोकाच्या जागचं माप. पूर्वीच्या मिस्त्रींनी पीपहोल पुष्कळदा मधल्या पट्टीतूनच काढलेलं असतं, कारण उंची सोयीची पडते. तुमच्याकडेही तसंच असेल तर इथे 82 च्या आसपास माप येईल. मग आतल्या बाजूने पट्टी फळीच्या किती पुढे आली आहे ते मोजा आणि वजा करा. राहील ती पट्ट्यांच्या मधली जाडी. यंत्र निवडायचं ते या आकड्यावर.

त्या मधल्या जागेत यंत्राचा आतला भाग मावतो का हेही बघावं लागतं. चार इंची स्क्रीनचं यंत्र साधारण 13 ते 14 सेंमी रुंद आणि 8 सेंमीच्या आसपास उंच असतं. दोन आडव्या पट्ट्यांमध्ये सहसा यापेक्षा खूप जास्त जागा असते, तिथे अडचण येत नाही. अडचण येते ती दोन फळ्यांच्या दरवाजात मध्यभागी, जिथे एका फळीची झडप दुसरीवर चढते. यंत्र मध्याच्या फार जवळ लावलं तर दुसरी फळी उघडताना त्याच्या कडेला घासते. जी फळी आई रोज उघडते तिच्यावर यंत्र लावायचं, आणि झडपेपासून यंत्राच्या कडेपर्यंत निदान चार बोटं मोकळी सोडायची. कडी आणि अडसर यांची वाटही तपासा. जुना लाकडी अडसर सरकतो त्या रेषेत यंत्र आलं तर ते एक दिवस फुटणारच.

आता जाडीची मर्यादा नेमकी कशामुळे असते ते सांगतो, म्हणजे दुकानात काय विचारायचं ते कळेल. बाहेर कॅमेऱ्याचं गोल डोकं असतं, त्याची नळी दरवाजाच्या भोकात शिरते. आत लोखंडी पट्टी असते. ती लांब स्क्रूंनी किंवा आट्याच्या नळीने कॅमेऱ्याशी आवळली जाते आणि दरवाजा या दोघांच्या मध्ये धरला जातो. कॅमेऱ्याची चपटी, कागदासारखी पातळ केबल नळीतून आत येते, ती स्क्रीनच्या मागे खोचायची आणि स्क्रीन त्या पट्टीवर अडकवायची. म्हणजे मर्यादा दोन आहेत: स्क्रूची लांबी आणि केबलची लांबी. स्क्रू कमी पडला तर त्याच आट्याचा लांब स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. केबल कमी पडली तर मात्र काही करता येत नाही. तिच्यातल्या तारा केसासारख्या जवळजवळ असतात, सांधा मारता येत नाही, आणि मारलाच तर चित्रावर रेघा येतात. म्हणून "लांब स्क्रू देतो" एवढ्यावर समाधान मानू नका. खोकं उघडायला लावा, केबल सरळ करा आणि कॅमेऱ्याच्या डोक्याच्या मागच्या पातळीपासून केबलच्या टोकापर्यंत मोजा. तुमच्या जाडीपेक्षा निदान दोन इंच जास्त हवी, कारण स्क्रीनच्या मागे ती वळवून खोचावी लागते आणि खोचताना हात शिरायला जागा लागते.

फळीही खरोखर जाड निघाली, समजा 85 किंवा 90 मिमी, तर 100 मिमीच्या पुढची जाडी चालणारं मॉडेल शोधा. अशी कमी असतात पण मिळतात. ते नसेल तर आतल्या बाजूने लाकूड कोरून यंत्रासाठी चौकोनी खोबण करता येते. ती मात्र पूर्ण स्क्रीन आत बसेल एवढी हवी, नुसत्या लोखंडी पट्टीपुरती नाही. पट्टी खोल गेली आणि स्क्रीन वर राहिली तर स्क्रीन अडकणारच नाही. बाहेरच्या बाजूने मात्र कधीही कोरू देऊ नका. सुताराला ते सोपं वाटतं, कारण कॅमेऱ्याचं डोकं लहान असतं. पण ही भिंग 120 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुंद बघतात. कॅमेरा खड्ड्यात गेला की चित्राच्या कडेला खड्ड्याच्या भिंती दिसतात. रात्री तर त्याहून वाईट होतं. कॅमेऱ्याभोवतीच्या न दिसणाऱ्या इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड त्या भिंतींवर आपटून परत भिंगात शिरतो आणि सगळं चित्र पांढरंफटक पडतं. दाराबाहेर जाळीचा सेफ्टी डोअर असेल तरी नेमका हाच प्रकार होतो. दिवसा जाळीतून माणूस दिसतो, रात्री फक्त चमकणारी जाळी. तुमच्याकडे बाहेर जाळी असेल तर विकत घेण्याआधी हे मला कळवा, मग यंत्राचा विचार वेगळा करावा लागेल.

भोक पाडताना एक गोष्ट लक्षात असू द्या. जुन्या पीपहोलचं भोक सहसा 14 मिमीच्या आसपास असतं, आणि स्क्रीनवाल्या काही यंत्रांना त्यापेक्षा बरंच मोठं लागतं. जुनं भोक मोठं करायला होल सॉ, म्हणजे ड्रिलची गोल करवत, लावला तर मधल्या बिटाला पकडायला लाकूडच नसतं, तो थरथरत सरकतो आणि बाहेरची नक्षी ओरबाडतो. तुमच्या बाबतीत हा प्रश्नच येऊ देऊ नका. जुनं पीपहोल आहे तिथेच राहू द्या आणि व्ह्यूअरला पट्ट्यांच्या मधल्या पातळ जागेत नवं भोक घ्या. सेल संपले किंवा यंत्र बिघडलं तर आईला, नाहीतर शेजारच्या पोराला, बघायला काहीतरी राहतं. मी शक्य तिथे दोन्ही ठेवायलाच सांगतो.

नव्या भोकासाठी आधी त्या जागेवर लोहचुंबक फिरवा. जुन्या दरवाजात पट्टीचे खिळे दुसऱ्या बाजूने वाकवून ठोकलेले असतात, वर रंगाचे थर चढले की ते दिसत नाहीत आणि बिट त्यावर मोडतं. मग बारीक बिटाने आरपार भोक पाडायचं. ड्रिल सरळ धरायला काटकोन्या दाराला टेकवा आणि दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगा. 50 मिमीच्या फळीत फक्त दोन अंशांचा तिरकेपणा झाला तरी पलीकडे पावणेदोन मिमीचा फरक पडतो, आणि तेवढ्यात नळी अडकते. बारीक भोक बरोबर आलं की मोठं बिट अर्धं बाहेरून आणि अर्धं आतून चालवा, म्हणजे कुठल्याच बाजूला लाकडाचे टवके उडत नाहीत. शेवटी केबल आत घेताना टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, कारण भोकातल्या भुशाचा एक कण जरी खोचणीत गेला तरी चित्र येत-जात राहतं. आवळताना बाहेरचं डोकं दुसऱ्याने घट्ट धरायचं. डोकं फिरलं की आत केबलला पीळ पडतो. यंत्र त्या दिवशी चालतं आणि महिन्याभराने चित्र जातं. तेव्हा दोष यंत्राचा वाटतो, पण असतो बसवण्यातला.

उंची आईच्या डोळ्यांची धरू नका. स्क्रीन ती थोडी खाली मान करूनही बघू शकते. बाहेरचा माणूस चेहऱ्यापासून हातापर्यंत दिसावा म्हणून कॅमेरा ओट्यापासून साधारण साडेचार ते पावणेपाच फुटांवर चांगला. ओटा आणि आतली जमीन यांत पायरीचा फरक असेल तर तो धरून मोजा.

आता बॅटरी. खोक्यावरचे सहा महिने खोटेच असतात असं नाही, पण ते रोज किती वेळ स्क्रीन चालते यावर आहेत. हिशेब सोपा आहे. स्क्रीन आणि कॅमेरा चालू असताना अशी यंत्रं साधारण 200 ते 300 मिलिअँपिअर ओढतात. मधलं 250 धरू. चांगला अल्कलाइन पेन्सिल सेल एवढ्या ओढीला साधारण 1500 एमएएच देतो असं धरायला हरकत नाही. यंत्रात चार सेल असले तरी ते 1500 गुणिले चार होत नाही. ते एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे व्होल्ट वाढतात, एमएएच तेवढेच राहतात. आईने दिवसातून बारा वेळा बटण दाबलं आणि दर वेळी स्क्रीन 15 सेकंद राहिली तर रोजची 3 मिनिटं झाली. हा तासाचा विसावा भाग, म्हणून 250 चा विसावा भाग, म्हणजे साडेबारा एमएएच. 1500 ला त्याने भागलं की 120 दिवस येतात. तुमच्या घरी चार महिने धरून चला. सहा महिने हवे असतील तर स्क्रीन रोज दोन मिनिटांच्या आत राहायला हवी. सेटिंगमध्ये स्क्रीनची वेळ 15 वरून 10 सेकंदांवर आणली की तेवढ्यानेच हे साधतं.

हाच हिशेब हालचाल ओळखणारं यंत्र घेतलं तर कसा बदलतो ते बघा. तुमचा दरवाजा गल्लीवर उघडतो. ओट्यावर संध्याकाळी बायका बसतात, पोरं खेळतात, शेळी येते, कुणी गाडी लावतं. दिवसात साठ वेळा यंत्र जागं झालं आणि दर वेळी 15 सेकंद चाललं तर 15 मिनिटं झाली, म्हणजे रोज साठ-बासष्ट एमएएच. तेच सेल तीन-साडेतीन आठवड्यांत संपतात. बंद जिन्यातल्या फ्लॅटला हालचालीची सोय उपयोगी पडते, गल्लीवरच्या दाराला ती त्रास देते. यंत्रात ती असेलच तर सेटिंगमधून बंद करा. वायफायचं दुखणं वेगळं. ते कुणी दारात नसतानाही राउटरशी संपर्क ठेवतं. त्यासाठी सतत नुसते 2 मिलिअँपिअर लागले तरी दिवसाचे 48 एमएएच झाले, म्हणजे कुणीही बटण न दाबता महिन्यात सेल रिकामे. शिवाय वीज गेली की राउटर बंद पडतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा जोडणी शोधत जास्तच खातं. तुम्ही पुण्या-मुंबईहून मोबाइलवर बघायचं म्हणत असाल तर त्यासाठी विजेवर चालणारा वेगळा कॅमेरा ओट्यावर लावा. आईच्या दारातलं यंत्र साधंच ठेवा.

सेल घेताना पाकिटावर "अल्कलाइन" असं लिहिलेलं बघून घ्या. किराणा दुकानात मिळणारे स्वस्त सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात. ते भिंतीवरच्या घड्याळाला वर्षभर पुरतात, पण एकदम 250 मिलिअँपिअर ओढले की त्यांचा दाब बसतो. लक्षण असं: आई बटण दाबते, स्क्रीन क्षणभर उजळते आणि विझते, किंवा कंपनीचं चिन्ह दाखवून परत सुरू होत राहते. तेच सेल काढून रिमोटमध्ये घातले तर रिमोट मजेत चालतो, म्हणून लोक यंत्र बिघडलं समजून दुकानात नेतात. चारही सेल एकदम आणि एकाच जातीचे बदला. एक जुना राहिला तर तो बाकीच्या तिघांना अडवतो आणि गळायचीही शक्यता असते. चार्ज होणारे पेन्सिल सेल चालतात आणि ओढही चांगली सोसतात, पण प्रत्येकी 1.2 व्होल्टचे असल्याने काही यंत्रं पहिल्या दिवसापासून बॅटरी कमी असल्याचं दाखवतात. घ्यायच्या आधी माहितीपत्रकात ते चालतात असं लिहिलंय का बघा.

आत लिथियमची बॅटरी असलेली यंत्रं दिसायला सुबक असतात, पण तुमच्यासाठी मी ती सुचवत नाही. एक तर चार्जिंगला स्क्रीन काढावी लागते किंवा दाराशी वायर लोंबत ठेवावी लागते, आणि आईला दोन्ही जमणार नाही. दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांपुढे चार्ज करू नये, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे सावलीतच पारा तिथे पोचतो. पश्चिमेच्या दाराची आतली बाजू दुपारी चारला हात लावून बघा. कुणाकडे असं यंत्र आधीच असेल तर उन्हाळ्यात ते पहाटे, आतल्या खोलीत चार्ज करावं. बॅटरीचं पोट फुगून मागचं झाकण वर आलेलं दिसलं तर ती लगेच काढून टाकावी, दाबून परत बसवू नये.

पश्चिमेच्या तोंडाची आणखी एक गोष्ट. संध्याकाळी पाच-सहाला सूर्य थेट भिंगात येतो आणि दारातला माणूस नुसती काळी आकृती दिसतो. जास्त मेगापिक्सेल घेऊन हे सुटत नाही. ओट्यावर छोटा छज्जा किंवा पुढे आलेला पत्रा असेल तर बराच फरक पडतो. नसेल तर कायमचं भोक पाडण्याआधी कॅमेरा आणि स्क्रीन जोडून, दार उघडून, कॅमेरा ठरलेल्या जागी हातात धरा आणि संध्याकाळी साडेपाचला कुणाला तरी समोर उभं करून बघा. जागा चार-सहा इंच बाजूला नेली तरी समोरच्या घराची किंवा झाडाची सावली कामी येऊ शकते. रात्रीसाठी इन्फ्रारेडवर विसंबण्यापेक्षा ओट्यावर एक लहान एलईडी दिवा लावा. इन्फ्रारेडमध्ये चित्र काळं-पांढरं असतं आणि उजेड मीटर-दोन मीटरपलीकडे फारसा पोचत नाही. दिव्यात चेहरा आणि कपड्यांचे रंग दोन्ही ओळखू येतात, आणि अनोळखी माणूस ओळखायला आईला तेच लागतं.

दुकानात जाताना दोन मापं चिठ्ठीवर नेऊन दाखवा: पट्ट्यांच्या मधली जाडी आणि पट्ट्यांमधलं उभं अंतर. खोक्यावरचा जाडीचा पल्ला तुमच्या जाडीच्या दोन्ही बाजूंनी निदान 10 मिमी मोकळा असावा. 50 मिमीच्या फळीला 35 ते 75 चं यंत्र उत्तम. 50 ते 90 चं घेऊ नका, नळी आत टेकते आणि डोकं बाहेर सैल राहतं. सैल डोकं बाहेरून कुणीही फिरवू शकतो. बसवून झाल्यावर बाहेर जाऊन कॅमेऱ्याचं डोकं स्वतः पिळून बघा. जरासुद्धा हललं तर मिस्त्रीला परत आवळायला लावा, आणि मगच त्याचे पैसे द्या.